मशीन ‘क्लोज’ केली

नागपुरात नंदनवनमधल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी दहा ते बारा इंग्रजी बोलण्याचा गट भरतो. फी नाही. पुस्तक नाही. बुधवारी व्हॉट्सॲपवर विषय येतो, त्याखाली पाच शब्द आणि तीन प्रश्न. रविवारी आधी दोघादोघांनी पंधरा मिनिटं बोलायचं, मग एकेकानं सगळ्यांसमोर दोन मिनिटं. पहिला दीड तास फक्त इंग्रजी. शेवटचा अर्धा तास मराठी, कारण मनातलं खरं काय ते त्याच वेळी बाहेर येतं, असं गोपिकाचं मत आहे.

गोपिका हा गट चालवते. वय एकतीस. एका कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात इतरांचे फोन ऐकून त्यांचं बोलणं तपासणं हे तिचं रोजचं काम. गटात अकरा जण नियमित येतात. भिंतीवर तिनं एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर चार नियम:

बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही.
आधी काय आवडलं ते सांगायचं.
दुरुस्ती हवी का, हे विचारूनच चिठ्ठी द्यायची. एकाला एकच.
अर्थ कळला असेल तर चूक सोडून द्यायची.

चौथा नियम पुठ्ठ्यावर नंतर चढला, हे अक्षराच्या शाईवरूनही दिसतं. त्याला कारण आनंदराव. आनंदरावांनी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात चौतीस वर्षं इंग्रजी टिपणं लिहिली. कॉमा कुठे हवा, हे ते झोपेतही सांगतील. पण इंग्रजी बोलायची वेळ कधी आली नाही, म्हणून निवृत्तीनंतर ते गटात आले. दुसऱ्याच रविवारी प्रीतम मेश्राम बोलत असताना त्यांनी दोन मिनिटांत त्याला अकरा वेळा थांबवलं. अकरा हा आकडा प्रीतमचा. त्यानं मोजलं होतं. त्यानंतर तो तीन रविवार आला नाही. गोपिकानं घरी जाऊन त्याला परत आणलं आणि चौथा नियम लिहिला. आनंदरावांनी तो निमूट मान्य केला. तेव्हापासून ते खिशात चिठ्ठ्या ठेवतात आणि बहुतेक कोऱ्याच परत नेतात.

प्रीतमला इंग्रजी हवं होतं त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तो बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात अकरा वर्षं मशीन दुरुस्तीचं काम करतो. तिथे आठ नवे विदेशी माग येणार होते. ते बसवायला मशीन कंपनीचा बेल्जियमचा इंजिनिअर चार महिने येऊन राहणार होता, आणि त्याच्या हाताखाली इथले दोन तंत्रज्ञ लागणार होते. चार महिन्यांनी तेच दोघे त्या आठ मागांचे प्रमुख होणार. दोघांची निवड इंजिनिअर स्वतः व्हिडिओ कॉलवर करणार होता. एक जागा प्रीतमच्या बरोबरीच्या गौरांगनं आधीच पटकावली होती. त्याचं शिक्षण इंग्रजीत झालेलं. दुसऱ्या जागेसाठी मंगळवारी प्रीतमचा कॉल होता.

म्हणून त्या आठवड्याचा विषय गोपिकानं मुद्दाम निवडला: माझ्या कामातली एक गोष्ट मी कशी करतो, पायरीपायरीनं.

कुसुमताईंनी शंभर डब्यांची भाजी कशी करतात ते सांगितलं. त्या अभ्यासिकेच्या खालीच राहतात, डबे देतात. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं बाहेरच्या राज्यांतून आलेली शिकणारी मुलं. “फर्स्ट आय कट ओनियन, देन आय क्राय, देन आय कट मोर,” असं त्या म्हणाल्या आणि हॉल हसला. मग प्रीतम उठला. मागाचा पट्टा कसा बदलतो ते त्याला सांगायचं होतं.

“फर्स्ट आय क्लोज द मशीन,” तो म्हणाला. “देन आय पुट माय लॉक. माय ओन की, इन माय पॉकेट. देन आय क्लोज द एअर. देन आय ओपन द कव्हर. मशीन इज क्लोज, सो नो डेंजर. देन आय पुट माय हँड इनसाइड अँड चेंज द बेल्ट.”

तो एकदाही अडखळला नाही. तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस स्वतःचं नाव सांगतानाही जमिनीकडे बघायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रीना नावाच्या एका मुलीनं त्याला प्रश्न विचारला, त्यानं उत्तर दिलं. गोपिकानं आवडलेल्या गोष्टी सांगितल्या: क्रम स्पष्ट होता, ‘देन’ योग्य जागी होतं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मग तिनं विचारलं, कुणाला चिठ्ठी द्यायची आहे का?

आनंदरावांनी एक शब्द लिहिला होता. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. अर्थ कळला होता का? कळला होता. सगळ्यांनाच कळला होता. त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली.

मंगळवारी दुपारी कारखान्याच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर प्रीतम तेच बोलला. पडद्यावरचा माणूस पन्नाशीचा, शांत, चष्मा कपाळावर. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

“सो यू क्लोज इट, यू लॉक इट, अँड देन यू ओपन इट,” तो म्हणाला.

“येस सर.”

“अँड द पॉवर?”

पॉवर कुठे आहे, असं तो विचारतोय, असं प्रीतमला वाटलं. “पॉवर इज इन द पॅनल, सर. लेफ्ट साइड ऑफ मशीन.”

“ओके,” तो माणूस म्हणाला आणि काहीतरी लिहिलं. “थँक यू, मिस्टर मेश्राम.”

प्रीतम बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं, झालं. सोबतच्यांना त्यानं चहा पाजला.

बुधवारी दुरुस्ती विभागाचे प्रमुख धर्मेंद्र यांनी त्याला बोलावलं. त्यांच्या हातात ईमेलचा कागद होता.

“काय सांगितलं गा तू त्याले?”

“पट्टा कसा बदलतो ते. जसं आपण करतो तसंच.”

“तो म्हणते, हा माणूस मशीनचं झाकण लावते, झाकणाले कुलूप लावते, मग झाकण उघडून चालू मशीनमंदी हात घालते. म्हणते, असा माणूस मले नाही पाहिजे.”

प्रीतमला आधी हसू आलं. मग ते थांबलं.

“मी म्हटलं ना साहेब, मशीन क्लोज केली म्हणून.”

“हो ना. क्लोज.” धर्मेंद्रांनी कागद टेबलावर ठेवला. “आता मी बी तसंच म्हणलो असतो. पण त्याच्याकडं क्लोज म्हणजे झाकण लावणं. दरवाजा लावणं. वीज बंद करणं नाही.”

अकरा वर्षांत प्रीतमच्या पाळीत एकाचंही बोट कापलं गेलं नव्हतं. स्वतःचं कुलूप मेन स्विचला लावल्याशिवाय तो मशीनजवळ कुणाला फिरकू द्यायचा नाही, म्हणून सोबतचे त्याला चिडवायचे. आणि ज्या गोष्टीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, त्याच गोष्टीत तो नापास झाला होता.

तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. “साहेब, एक बार अजून विचारता येईन का त्याले? दहा मिनिटं. मी चुकीचं केलं नाही, चुकीचं बोललो.”

“हे वाक्य बरं आहे,” धर्मेंद्र म्हणाले. त्यांनी तिथेच ईमेल लिहिला. संध्याकाळी उत्तर आलं: सोमवारी चार वाजता, दहा मिनिटं. त्यानंतर यादी बंद.

रविवारी प्रीतम गटात आला तो उशिरा, साडेदहाला, आणि बसला नाही. त्या दिवसाचा विषय प्रवास होता. त्यानं दीड तासाचा नियम मोडून सरळ मराठीत सुरुवात केली.

“एक विचारायचं आहे. मागच्या रविवारी मी क्लोज द मशीन म्हटलं. ते चूक आहे, हे इथं कोणाले माहीत होतं?”

त्यानं घडलेलं सगळं सांगितलं, पॅनलच्या उत्तरासकट.

गोपिकाचा चेहरा उतरला. “माझ्या कानाला ते लागलंच नाही, प्रीतम. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका पकडते. पण घरी मीच म्हणते, क्लोज द फॅन. मला ते बरोबरच वाटलं.”

“मॅडम, तुमचं ठीक आहे. दुसऱ्या कोणाले माहीत होतं?”

आनंदरावांनी खिशात हात घातला. चिठ्ठी आठवडाभर त्याच सदऱ्यात राहिली होती, धुवायला गेला नव्हता तो. त्यांनी ती टेबलावर ठेवली. त्यावर एकच शब्द होता, क्लोज, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

प्रीतमनं ती वाचली. “काका, हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलं?”

“हो.”

“मग काहून नाही दिली?”

“चौथा नियम.” आनंदरावांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “अर्थ कळला असेल तर सोडून द्यायचं. मला अर्थ कळला होता.”

“तुमाले कळला! तुमाले तर कळणारच ना, तुम्ही नागपूरचे!” प्रीतम ओरडला नाही, पण शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलांनी मान वर केली. “अकरा बार टोकलं तेव्हा मी रडकुंडीले आलो होतो. आणि जेव्हा एक बार टोकायचं होतं तेव्हा तुम्ही चूप बसून राहिले.”

“तू पुन्हा गट सोडून जाशील असं वाटलं.”

प्रीतम खुर्चीवर बसला.

मग कुसुमताई बोलल्या. “अरे, पण हे तर आपण सगळेच बोलतो. दार बंद, नळ बंद, पंखा बंद, दुकान बंद, तोंड बंद. आपला एकच बंद. त्यांचे किती आहेत वं, गोपिका?”

गोपिका फळ्याकडे गेली. दार, दुकान: क्लोज. पंखा, दिवा, मशीन: स्विच ऑफ. नळ: टर्न ऑफ. चालती मशीन नुसती थांबवायची असेल तर स्टॉप. ती लिहीत असताना प्रीतमनं विचारलं, “आणि हवेचा वॉल्व्ह?”

“तो क्लोज,” आनंदराव म्हणाले. “वॉल्व्ह क्लोजच म्हणतात. म्हणून तर गोंधळ. तुझ्या एका वाक्यात क्लोज बरोबर होतं आणि एका वाक्यात चूक.”

“आता पाठ करतो,” प्रीतम म्हणाला.

“पाठ केलेलं उद्या त्या लॅपटॉपपुढे उडून जाईल,” कुसुमताई म्हणाल्या. “थांबा. मी आली.”

त्या खाली गेल्या आणि मिक्सर घेऊन वर आल्या. मोठं भांडं, झाकण, वायर. भांड्यात त्यांनी पाणी ओतलं, कोपऱ्यातल्या बोर्डात पिन घातली. मग स्वतःच्या चष्म्याची दांडी उचलून तो कपाळावर चढवला. पडद्यावरच्या माणसाचं वर्णन त्यांनी नुकतंच ऐकलं होतं.

“मी बेल्जियम,” त्या म्हणाल्या. “मले मराठी येत नाही. तू जे इंग्रजीत म्हणशील तेच मी करीन, दुसरं काहीच नाही करणार. बोल.”

त्यांनी बटण फिरवलं. मिक्सर घरघरला, पाणी उसळून टेबलावर आलं.

“आय क्लोज द मिक्सर,” प्रीतम म्हणाला.

कुसुमताईंनी शांतपणे झाकण लावलं. मिक्सर सुरूच.

“नाही काकू, बंद करा ना!”

“मले मराठी येत नाही.”

“क्लोज! क्लोज!”

कुसुमताईंनी झाकण आणखी घट्ट दाबलं. हॉलमध्ये हशा पिकला. “नेक्स्ट?” त्यांनी विचारलं.

“देन आय ओपन द कव्हर,” प्रीतम सवयीनं म्हणाला. त्यांनी झाकण काढलं आणि पाण्याचा फवारा आनंदरावांच्या सदऱ्यावर गेला.

“नेक्स्ट? आय पुट माय हँड इनसाइड?” त्यांनी बाही वर सारली.

“नो!” प्रीतम उभा राहिला. त्याच्याबरोबर चार-पाच जणं उभी राहिली. “स्टॉप! स्विच ऑफ! स्विच ऑफ द पॉवर!”

कुसुमताईंनी बटण बंद केलं, पिन काढली आणि ती हातात धरून विचारलं, “अँड द पॉवर?”

प्रीतम त्या पिनेकडे बघत होता. “द पॉवर इज ऑफ,” तो हळू म्हणाला. मग आणखी हळू: “तो हे विचारत होता गा. पॉवर कुठं आहे हे नाही.”

प्रवासाचा विषय त्या दिवशी झालाच नाही. बारा वाजेपर्यंत एकेकजण बेल्जियम झाला आणि प्रीतमनं मिक्सरवरच पट्टा बदलला, नऊ वेळा. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात आलं की आपण पहिल्यांदा एक पायरीच गाळली होती. कारखान्यात कुलूप लावल्यावर तो चालू करायचं बटण दाबून बघतो, मशीन खरंच मेली आहे ना याची खात्री करायला. त्यातच आयुष्य गेलेल्या माणसाला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. सहाव्या वेळी आनंदराव पुढे आले.

“दुरुस्ती चालेल?”

“द्या, काका.”

“लॉक कशाला लावतोस ते सांगत नाहीस. नुसतं लॉक म्हटलं की त्याला वाटतं झाकणाला. ऑन द मेन स्विच म्हण. हे एवढंच. बाकी व्याकरण बोंबलू दे.”

आनंदरावांच्या तोंडून ‘बोंबलू दे’ गटानं प्रथमच ऐकलं.

गोपिकानं पुठ्ठा भिंतीवरून काढला. चौथा नियम खोडायचा का, यावर थोडा वाद झाला. रीनाचं म्हणणं होतं, खोडू नये. तो नसता तर तिनं स्वतः तोंड उघडलंच नसतं. आनंदरावांचं म्हणणं होतं, नियम बरोबर आहे, त्यातला ‘कळला’ कुणाला हे लिहायचं राहिलं आहे. शेवटी गोपिकानं त्याच ओळीच्या पुढे जोडलं: ज्याला सांगायचं आहे त्याला कळेल का, याचा विचार करून. आणि वर एक नवी ओळ: बोलण्याआधी, हे कुणाला सांगायचं आहे ते सांगावं.

“म्हणजे मी दर वेळेस भाजी कोणाले सांगू?” कुसुमताईंनी विचारलं.

“तुमच्या केरळच्या पोरांले,” प्रीतम म्हणाला.

“त्याईले काय सांगू? ते तर म्हणतात, आंटी, लेस स्पायसी. तेवढं मले कळते.”

सोमवारी चारला पाच मिनिटं कमी असताना प्रीतम लॅपटॉपसमोर बसला. धर्मेंद्र बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे. पडदा उजळला. तोच माणूस, चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर काही नाही.

“यू हॅव टेन मिनिट्स, मिस्टर मेश्राम.”

“थँक यू, सर. लास्ट टाइम आय यूज्ड अ राँग वर्ड. आय वुड लाइक टू से इट अगेन.”

हे वाक्य त्यानं कुणाकडून घेतलं नव्हतं. बसमध्ये स्वतःच बांधलं होतं. माणसानं मान हलवली.

“फर्स्ट आय टेल द ऑपरेटर. देन आय प्रेस स्टॉप. देन आय क्लोज–” तो थांबला. धर्मेंद्रांनी डोळे मिटून घेतले. “नो. सॉरी. आय स्विच ऑफ द मेन पॉवर. आय पुट माय लॉक ऑन द मेन स्विच. द की इज इन माय पॉकेट, ओन्ली माय पॉकेट. देन आय क्लोज द एअर वॉल्व्ह अँड लेट द एअर आउट. देन आय प्रेस स्टार्ट.”

“यू प्रेस स्टार्ट?” माणूस पुढे झुकला. “व्हाय?”

या प्रश्नाची तयारी झाली नव्हती. मिक्सरशी बोलताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्रीतमनं घाई केली नाही.

“टू चेक,” तो म्हणाला. “इफ इट डझ नॉट स्टार्ट, गुड. इट इज डेड. इफ इट स्टार्ट, आय लॉक्ड द राँग स्विच. बेटर आय नो बिफोर माय हँड नोज.”

पडद्यावरचा माणूस पहिल्यांदा हसला. मोठ्यानं नाही. त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, कागद वाचला आणि काहीतरी इतक्या भराभर विचारलं की प्रीतमला त्यातला ‘स्प्रिंग’ हा एकच शब्द सापडला. मंगळवारी तो अशा जागी ‘येस सर’ म्हणाला असता.

“सर, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट स्लोली.”

माणसानं ते हळू, तोडून सांगितलं. पट्टा ताणून धरणारी स्प्रिंग. तिच्यातला ताण आधी काढतोस का? प्रीतमनं सांगितलं, काढतो, आणि कशानं काढतो ते सांगताना त्या हत्याराचं इंग्रजी नाव त्याला आठवेना, म्हणून ते टेबलावरच्या पेटीतून उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. “दिस वन. आय डोंट नो द नेम.”

“नेव्हर माइंड,” माणूस म्हणाला. “आय विल टेल यू द नेम व्हेन आय कम. यू विल टेल मी द मराठी.”

प्रीतमला हे वाक्य पूर्ण कळलं. तरी खात्री करून घ्यायला त्यानं विचारलं.

“सर, यू मीन, आय ॲम सिलेक्टेड?”

“येस, मिस्टर मेश्राम. दॅट इज व्हॉट आय मीन.”